थकलेल्या हप्त्याचा हिशेब

२०२० च्या मे महिन्यात रिलायन्स इंडस्ट्रीजने आपल्या भागधारकांसाठी हक्कभाग काढले. भाव होता १,२५७ रुपये, पण अर्जासोबत भरायचे होते फक्त ३१४ रुपये २५ पैसे. बाकीची रक्कम २०२१ साली दोन हप्त्यांत मागितली गेली, मे महिन्यात ३१४.२५ आणि नोव्हेंबरात ६२८.५० रुपये. या पद्धतीच्या शेअरला 'अंशतः भरणा झालेला' म्हणतात आणि त्याच्या हप्त्याला बाजारात सरसकट 'कॉल' हाच शब्द चालतो.

हप्त्याने टीव्ही घेतला आणि हप्ते थकवले तर दुकानदार टीव्ही उचलून नेतो. शेअरचेही तसेच होते, आणि त्याला जप्ती म्हणतात. फरक एवढाच की नेलेला टीव्ही दुकानदार मिळेल त्या भावाला विकतो. जप्त शेअर विकताना कंपनीला स्वतःची वही उघडून आधी एक आकडा पाहावा लागतो. तो आकडा कुठून येतो, हे कळले की वाणिज्य शाखेच्या मुलांना घाम फोडणारे हे प्रकरण सरळ होऊन जाते.

एक छोटी, काल्पनिक कंपनी घेऊ. तिच्या शेअरची दर्शनी किंमत १० रुपये, वर ५ रुपये अधिमूल्य म्हणजे प्रीमियम. अर्जासोबत ३ रुपये, वाटपाच्या वेळी ७ रुपये (त्यात २ दर्शनी किमतीपोटी, ५ अधिमूल्याचे), मग अडीच-अडीच रुपयांचे दोन हप्ते. साताऱ्याच्या एका गृहस्थांना १०० शेअर मिळाले. त्यांनी अर्जाचे आणि वाटपाचे पैसे भरले, दोन्ही हप्ते मात्र थकवले. नाशिकच्या एका बाईंनाही १०० शेअर मिळाले. त्यांनी अर्जाचे ३०० रुपये भरले आणि नंतर एक पैसाही दिला नाही.

कंपनी लगेच शेअर हिसकावून घेऊ शकत नाही. जप्तीचा अधिकार कंपनीच्या नियमावलीत असावा लागतो, आणि कंपनी कायद्यातल्या नमुना नियमावलीप्रमाणे आधी निदान १४ दिवसांच्या मुदतीची नोटीस द्यावी लागते. किती रक्कम थकली, कोणत्या तारखेपर्यंत भरायची आणि न भरल्यास शेअर जप्त होतील, हे तिच्यात स्पष्ट लिहायचे. त्या मुदतीतही पैसे आले नाहीत तर संचालक मंडळ ठराव करते. न्यायालये याबाबतीत फार कडक आहेत. पब्लिक पॅसेंजर सर्व्हिस या कंपनीच्या खटल्यात नोटिशीत व्याज आणि खर्चाची रक्कम नीट सांगितली नव्हती, तेवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने जप्ती अवैध ठरवली. माणसाची मालमत्ता काढून घ्यायची तर कागद चोख हवा, असा त्याचा अर्थ.

आता वही उघडू. कंपनीने हप्ता मागितला की तो मिळायच्या आधीच भागभांडवल खात्यात जमा दाखवला जातो, आणि न आलेले पैसे येणे म्हणून राहतात. दोन्ही हप्ते मागून झालेले असल्यामुळे साताऱ्याच्या शंभर शेअरांचे पूर्ण १,००० रुपये भांडवलात दिसत आहेत, प्रत्यक्षात ५०० आलेले आहेत. जप्तीच्या दिवशी भागभांडवल खाते १,००० रुपयांनी नावे पडते. समोर थकीत हप्त्यांचे ५०० जमा होऊन ते येणे मिटते, आणि गृहस्थांनी भरलेले ५०० 'समभाग जप्ती' नावाच्या नव्या खात्यात जमा होतात. त्यांनी दिलेले ५०० रुपयांचे अधिमूल्य? त्याला कोणी हात लावत नाही. एकदा हातात आलेले अधिमूल्य जप्तीने परत फिरत नाही.

नाशिकच्या बाईंची नोंद वेगळी, आणि परीक्षेत मुले हमखास घसरतात ती इथेच. त्यांचे अधिमूल्य आलेच नाही, पण वाटपाच्या वेळी कंपनीने ते ५०० रुपये आपल्या अधिमूल्य खात्यात जमा लिहून टाकले होते. म्हणून आता भागभांडवल १,००० नावे आणि अधिमूल्यही ५०० नावे. समोर वाटपाचे थकलेले ७०० आणि हप्त्यांचे ५०० मिटतात, आणि जप्ती खात्यात जातात फक्त ३००. दोन्ही बाजू १,५००. आलेले अधिमूल्य ठेवायचे, न आलेले उलटवायचे, एवढा एकच नियम आहे.

जप्ती खात्यात आता ८०० रुपये आहेत. ते कमाई नाहीत, अजून तरी नाहीत. कारण कंपनीच्या पदरी २०० शेअर पडून आहेत आणि ते कुणाला तरी पुन्हा द्यायचे आहेत. ताळेबंदात हे ८०० भागभांडवलाच्या खालीच वेगळी ओळ म्हणून मिळवून दाखवले जातात.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ५३ ने शेअर दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाला काढण्यास मनाई केली आहे. श्रमाबद्दल दिले जाणारे स्वेट इक्विटी शेअर आणि कर्जाच्या फेररचनेत कर्जाचे भांडवलात रूपांतर अशा थोड्या सवलती आहेत, बाकी दार बंद. मग जप्त शेअर आठ रुपयांना विकला तर कायदा मोडला का? नाही. उरलेले दोन रुपये आधीच्या मालकाने देऊन ठेवलेले आहेत. त्याचे पैसे आणि नव्या मालकाचे पैसे मिळून दर्शनी किंमत भरली, की भांडवल पूर्ण वसूल झाले. म्हणून सूट द्यायची ती त्याच शेअरवर जप्त झालेल्या रकमेपुरतीच. साताऱ्याच्या शेअरवर ५ रुपये जप्त आहेत, तर तो ५ रुपयांच्या खाली विकता येणार नाही. नाशिकच्या शेअरवर ३ रुपयेच आहेत, त्याची मर्यादा ७ रुपये.

समजा कंपनीने १५० शेअर ८ रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून विकले. त्यांत साताऱ्याचे सगळे १०० आणि नाशिकचे ५०. बँकेत १,२०० आले, जप्ती खात्यातून ३०० घेतले, आणि भागभांडवल १,५०० जमा झाले. आता जप्ती खात्यात ५०० उरलेले दिसतात. घाईतला कारकून ते सगळे भांडवली राखीव निधीत टाकून मोकळा होतो आणि ताळेबंद जुळतोही, म्हणून चूक लवकर सापडत नाही. खरा हिशेब फक्त विकलेल्या शेअरांचा करायचा. त्यांच्यावर जप्त रक्कम होती ५०० अधिक १५०, म्हणजे ६५०. सूट दिली ३००. नफा ३५०. तेवढाच भांडवली राखीव निधीत जातो. उरलेले १५० रुपये नाशिकच्या न विकलेल्या ५० शेअरांचे आहेत, ते जप्ती खात्यातच राहतात. तपासनीसाची खूण सोपी आहे: खात्यातली शिल्लक आणि पडून असलेले शेअर यांचा मेळ बसलाच पाहिजे. पन्नास शेअर, प्रत्येकी तीन रुपये.

हे ३५० रुपये नफा-तोटा पत्रकात का जात नाहीत, हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतो. माल विकून मिळालेला हा नफा नाही. मालकाने भांडवल म्हणून आणून दिलेले पैसे मालकालाच सोडून द्यावे लागले, त्यातून तो उरला आहे. तो लाभांश म्हणून वाटला तर भांडवलच वाटल्यासारखे होईल.

आता पुन्हा रिलायन्सच्या अर्जाकडे पाहा. ३१४.२५ रुपयांपैकी दर्शनी किमतीपोटी होते अडीच रुपये, बाकी ३११.७५ अधिमूल्य. अशा शेअरवर केवळ अर्जाचे पैसे भरून कोणी थांबला, तर जप्ती खात्यात शेअरमागे अडीच रुपये जातील. त्याने गमावलेले तीनशेहून अधिक रुपये जप्ती खात्यात शोधले तर सापडणार नाहीत, ते अधिमूल्यात जाऊन बसलेले असतात. शिवाय नमुना नियमावलीप्रमाणे जप्तीनंतर सभासदत्व संपले तरी जप्तीच्या तारखेपर्यंतचे देणे संपत नाही. शेअर गेला आणि तगादा राहिला, असे होऊ शकते.

मालकाच्या पैशाबाबत इतका काटेकोर असलेला कायदा सावकाराच्या पैशाबाबत सैल आहे. कर्जरोखा, म्हणजे डिबेंचर, दर्शनी किमतीच्या खाली काढता येतो. रोखेधारक मालक नाही, त्याला मतदानाचा अधिकार नाही, आणि त्याला किती परत द्यायचे ते रोख्यावर लिहिलेलेच असते. आपल्या कंपनीने १०० रुपयांचे १,००० रोखे ९५ रुपयांना काढले असे धरू. व्याज १० टक्के, पाच वर्षांनी परतफेड ११० रुपयांनी. बँकेत ९५,००० येतात, पण देणे म्हणून रोख्यांचे १ लाख आणि परतफेडीच्या अधिमूल्याचे १०,००० आजच लिहावे लागतात. मधले १५,००० हा रोखे काढण्यातला तोटा म्हणून नावे पडतो. परतफेडीचे दहा हजार पाच वर्षांनी द्यायचे आहेत, तेव्हा बघू, असे चालत नाही. वचन आज दिले म्हणून नोंद आज.

व्याज दर वर्षी १ लाखावर, म्हणजे १०,००० रुपये, हाती ९५,००० आलेले असले तरी. जाहिरातीत दर १० टक्के दिसतो. सूट आणि परतफेडीचे अधिमूल्य धरून हिशेब केला तर कंपनीला हे कर्ज वर्षाला जवळजवळ १३ टक्क्यांना पडते. नव्या लेखा-मानकांखाली येणाऱ्या मोठ्या कंपन्या तोट्याची वेगळी ओळ न ठेवता हाच खरा दर धरून दर वर्षीचा व्याजखर्च लिहितात. लहान कंपनीला मात्र हे १५,००० अधिमूल्याच्या शिलकीतून वळते करण्याची मुभा आहे. साताऱ्याच्या गृहस्थांनी सोडलेले ५०० रुपये त्याच शिलकीत आहेत.

तुमच्या हाती एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला तर भागभांडवलाच्या टिपेत 'जप्त समभाग' अशी ओळ आहे का ते पाहा. तिथला आकडा वर्षानुवर्षे तोच असेल, तर ते शेअर अजून कोणाला विकलेले नाहीत.