आजी बोलते, फोन लिहितो: मराठीत बोलून लिहिताना

दिमोना, रामले किंवा अश्दोद इथल्या आपल्या घरांत एक गोष्ट नेहमी दिसते. आजीला मराठी बोलता येते, पण फोनवर टाइप करता येत नाही. नातवाला फोन येतो, पण देवनागरी लिहिताना हात अडखळतो. अशा वेळी बोलून लिहिण्याची सोय दोघांच्याही कामाची ठरते. आजीने बोलायचे, फोनने लिहायचे आणि नातवाने तपासायचे. यातले तपासण्याचे काम सगळ्यांत मोठे आहे.

आधी माइकची ओळख करून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संदेशाच्या चौकटीशेजारी जो गोल माइक दिसतो, तो आवाजाचा संदेश पाठवतो, अक्षरे लिहीत नाही. पुष्कळ वडीलधारी मंडळी तोच दाबून बसतात आणि अक्षरे उमटली नाहीत म्हणून फोनला दोष देतात. लिहिणारा माइक कीबोर्डवर असतो. अँड्रॉइड फोनवर बहुधा Gboard हा कीबोर्ड असतो आणि त्याच्या वरच्या पट्टीत उजवीकडे छोटा माइक दिसतो. तो हवा.

हा माइक कोणत्या भाषेत ऐकणार, हे फोन कोणत्या देशात आहे यावर ठरत नाही. कीबोर्डची भाषा जी निवडलेली असेल त्या भाषेत तो साधारणपणे ऐकतो. गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय 2017 साली सुरू केली आणि ती इस्रायलमधल्या फोनवरही तशीच चालते. कीबोर्डवरच्या दातेरी चक्राच्या चिन्हावर जावे, Languages उघडावे, Add keyboard दाबून मराठी शोधावी आणि ‘मराठी (भारत)’ निवडावी. तिथेच abc → मराठी असाही एक पर्याय असतो. ज्याला इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय आहे त्याने तोही घ्यावा, दुरुस्तीच्या वेळी तो कामी येतो. यानंतर स्पेसबारशेजारी पृथ्वीगोलाची कळ येते. ती दाबली की हिब्रू, इंग्रजी, मराठी अशी भाषा बदलत जाते आणि स्पेसबारवर चालू भाषेचे नाव दिसते. ते नाव वाचूनच माइक दाबावा. त्याच चक्राखाली Voice typing असा भाग आहे. माइक दिसतच नसेल तर ती सोय तिथे बंद असण्याचा संभव असतो. बहुतेक फोनवर मराठीसाठी इंटरनेटही चालू असावे लागते.

भाषा चुकीची असेल तर कसे ओळखायचे? हिब्रू राहिली असेल तर लगेच कळते, कारण अक्षरेच हिब्रू येतात आणि मराठी वाक्याच्या जागी भलतेच हिब्रू शब्द उमटतात. फसवणूक होते ती हिंदीमुळे. हिंदीही देवनागरीतच लिहिली जाते, म्हणून पडद्यावर सारे ठीक आहे असे वाटते. तेव्हा ‘ळ’ शोधावा. हिंदीच्या रोजच्या शब्दांत हे अक्षर येत नाही, म्हणून हिंदीत ऐकणारा फोन ‘काळा’ला ‘काला’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ करतो. पानभर मजकुरात एकही ‘ळ’ नाही आणि ‘आहे’च्या जागी ‘है’ डोकावतो आहे असे दिसले, तर शब्द दुरुस्त करत बसू नये. भाषा बदलून पुन्हा बोलावे.

आता भाषा बरोबर असूनही चूक कशी होते ते पाहू. समजा, आजी मलिद्याची कृती सांगते आहे: “पाच वाट्या पोहे धुऊन निथळत ठेवायचे, मग त्यात ओल्या नारळाचा चव आणि गूळ घालायचा.” फोन लिहितो, ‘ओल्या नारळाची चव आणि गुळ घालायचा’. गुळाचा उकार साधा आहे, पण चवीचे काय? आजीचा ‘चव’ म्हणजे खवलेला नारळ. तो पुल्लिंगी. फोनने केली ती जिभेची चव. फोन प्रत्येक आवाज सुटा ऐकत नाही, एकापाठोपाठ कोणते शब्द येण्याचा संभव जास्त आहे याचा अंदाज बांधतो. त्याने जे मराठी पाहिले आहे त्यात ‘चव’ म्हणजे स्वादच जास्त वेळा आला असणार, म्हणून त्याने ‘चा’चा ‘ची’ केला. वाक्य वाचायला अगदी शुद्ध वाटते. ज्याने मलिदा कधी केला नाही तो नातू ही चूक पकडणार नाही, आणि पोह्यांत नारळ पडणारच नाही!

अशा शब्दावर बोट दाबून धरले की तो निवडला जातो. मग माइक दाबून पुन्हा बोलले तर नवे शब्द जुन्याच्या जागी बसतात. मात्र एकटा ‘चव’ पुन्हा बोलून फायदा नाही, कारण फोनला अंदाज बांधायला शेजारचे शब्द लागतात. ‘ओल्या नारळाचा चव’ हे सगळे निवडून एका दमात, शांतपणे बोलावे. दोनदा बोलूनही तेच आले तर तिसऱ्यांदा ओरडून बोलू नये. हाताने ‘ची’चा ‘चा’ करावा, ते लवकर होते. सुरुवातीलाही हाच नियम आहे. एकेक शब्द तोडून सांगण्यापेक्षा पूर्ण वाक्य नेहमीच्या लयीत बोललेले फोनला चांगले कळते. स्वल्पविराम आणि पूर्णविराम मात्र मागाहून हातानेच घालावेत.

काही शब्द फोनला येण्याची आशाच कमी. आपली आडनावे घ्या. ‘रोहेकर’चे ‘रोहे कर’ होते आणि ‘नवगावकर’चे ‘नऊ गावकर’. मराठी वाक्यात आलेले किद्दुश, हजान, सेफेर तोरा हे शब्द तर फोन दर वेळी वेगळेच काही करून लिहितो. त्यासाठी भाषा हिब्रू करून तेवढा शब्द बोलता येतो, पण मग तो हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे येतो आणि ओळीत कर्सर कुठे आहे तेच कळेनासे होते.

मजकूर लांब असेल तर एक सोपी युक्ती आहे. हजान म्हणायचे तिथे फोनला नीट येणारा एखादा साधा शब्द बोलावा, उदाहरणार्थ ‘पोपट’. “पोपटाने तेफिल्ला सुरू केली” हे ऐकून घरात हसू येईल, येऊ द्यावे. मजकूर गूगल डॉक्समध्ये असेल तर Find and replace उघडून ‘पोपटाने’च्या जागी ‘हजानाने’, ‘पोपटाला’च्या जागी ‘हजानाला’ असे एकेक रूप बदलून घ्यावे. निवडलेला शब्द त्या गोष्टीत खऱ्या अर्थाने कुठेच येत नाही ना, एवढे आधी पाहावे. कोकणातल्या बालपणाची आठवण असेल तर पोपट येऊही शकतो.

आकडे आणि मापे वेगळी तपासावीत. दीड, अडीच, पाव हे छोटे शब्द पटकन बोलले की गळतात किंवा बदलतात, आणि ‘दीड वाटी’ची ‘वाटी’ झाली तरी वाक्य खटकत नाही.

ही तपासणी त्याच बैठकीत, आजी समोर असताना करावी. नातवाने लिहिलेले मोठ्याने वाचावे, आजीने ऐकावे. बोलून लिहिताना मजकुराबरोबर आपला आवाज साठवला जात नाही, फक्त अक्षरे उरतात. महिन्याने ‘नारळाची चव’ वाचून मूळ शब्द कोणता होता हे फोन सांगू शकत नाही. म्हणून लांब आठवण किंवा जुनी कृती सांगायची असेल तेव्हा दुसऱ्या एका फोनवर साधे ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, आणि त्या फाइलला आजीचे नाव व तारीख घालून ती लिहिलेल्या मजकुराशेजारीच ठेवावी.