आधी पाच, मग दोन

बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर करायचा, आणि त्याची ५० हर्ट्झची लय घड्याळाइतकी पक्की हवी, असं समजा. पाच मेगाहर्ट्झची क्रिस्टल ऑसिलेटरची डबी बाजारात सहज मिळते. तिची लहर दहाने पाच वेळा भागली की बरोबर ५० हर्ट्झ उरतात. दहाने भागायला ७४९० हा जुना, स्वस्त काउंटर आहे. असे पाच आयसी ओळीने जोडले की आकडा जुळतो, फ्रिक्वेन्सी मीटरही ५० दाखवतो. तरीही ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि दोनपैकी एक ट्रान्झिस्टर चटका बसेल इतका तापतो.

बिघाड फ्रिक्वेन्सीत नाही, लहरीच्या आकारात आहे. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्यातले दहा मिलिसेकंद आउटपुट वर आणि दहा मिलिसेकंद खाली राहिलं, तर ड्युटी सायकल ५० टक्के झाली. नेहमीच्या पद्धतीने जोडलेल्या ७४९०मधून मात्र आउटपुट चारच मिलिसेकंद वर राहतं आणि सोळा मिलिसेकंद खाली. दिवा लुकलुकवायला हे चालून जातं. इन्व्हर्टरमध्ये आउटपुट वर असताना ट्रान्सफॉर्मरच्या एका अर्ध्या गुंडाळीतून प्रवाह जातो आणि खाली असताना दुसऱ्या अर्ध्या गुंडाळीतून, उलट दिशेने. दोन्ही वेळा सारख्या असल्या तर गाभ्यातलं चुंबकत्व एका बाजूला जितकं वाढतं तितकंच परत येतं. चार विरुद्ध सोळा अशी वाटणी झाली, की दर आवर्तनाला बारा मिलिसेकंदांचा ढकला एकाच बाजूला उरतो. काही आवर्तनांतच गाभा संपृक्त होतो, गुंडाळीचा विरोध नावापुरता उरतो आणि त्या बाजूच्या ट्रान्झिस्टरमधून बॅटरी जवळजवळ शॉर्ट होते.

यावरचा उपाय त्याच आयसीत आहे. एकही जादा भाग लागत नाही, फक्त तारांची जागा बदलायची.

७४९०ला आपण दहाचा काउंटर म्हणतो, पण आत दोन वेगळे काउंटर बसवलेले आहेत. एक दोनाने भागणारा, म्हणजे एकच फ्लिप-फ्लॉप. त्याचं इनपुट १४ नंबरच्या पिनवर आणि आउटपुट, ज्याला क्यूए म्हणतात, १२ नंबरवर. दुसरा पाचाने भागणारा. त्यात तीन फ्लिप-फ्लॉप आहेत, इनपुट १ नंबरच्या पिनवर, आणि क्यूबी, क्यूसी, क्यूडी ही आउटपुटं अनुक्रमे ९, ८ आणि ११ नंबरवर. हे दोन भाग आतून एकमेकांना जोडलेले नाहीत. दहाने भागायचं तर ती जोडणी आपणच बाहेरून करायची असते, आणि कोणाला आधी ठेवायचं हे आपल्या हातात असतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जवळजवळ नेहमी दोन आधी आणि पाच नंतर अशीच जोडणी शिकवतात. इनपुट १४ वर, १२ ची तार १ वर, आणि आउटपुट ११ वरून. याचं कारण आकडे. अशा जोडणीत चारही आउटपुटं मिळून ० ते ९ हे आकडे सरळ बायनरी रूपात देतात, आणि डिकोडर लावला की ते डिस्प्लेवर दिसतात. क्यूडी मात्र फक्त ८ आणि ९ या दोन मोजणींना वर असतो. दहापैकी दोन, म्हणजे २० टक्के. आपले चार मिलिसेकंद आले ते इथून.

आता क्रम उलटा करू. इनपुट १ नंबरच्या पिनवर द्यायचं, ११ ची तार १४ ला जोडायची आणि आउटपुट १२ वरून घ्यायचं. म्हणजे आधी पाचाचा भागाकार, मग दोनाचा. हीच बाय-क्विनरी जोडणी.

आत काय घडतं ते आपल्या पाचव्या आयसीपुरतं सावकाश पाहू. त्याला ५०० हर्ट्झ मिळतात, म्हणजे दर दोन मिलिसेकंदांनी एक लहर. ७४९० लहरीच्या उतरत्या कडेला मोजतो. इनपुट वरून खाली येतं त्या क्षणीच तो हलतो, एरवी त्याला इनपुटचं सोयरसुतक नसतं. सगळी आउटपुटं शून्यावर आहेत असं धरू. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडेला पाचाचा काउंटर १, २, ३ असा सरकतो आणि क्यूडी खालीच राहतो. चौथ्या कडेला मोजणी ४ होते आणि क्यूडी वर जातो. पाचव्या कडेला मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि क्यूडी खाली येतो. क्यूडीचं हे खाली येणं हीच दोनाच्या काउंटरला मिळणारी उतरती कड, म्हणून त्याच क्षणी क्यूए वर जातो. पुढच्या चार कडांना क्यूए जागचा हलत नाही. दहाव्या कडेला क्यूडी पुन्हा पडतो आणि क्यूए खाली येतो. पाच कडा खाली, पाच कडा वर. दहा मिलिसेकंद आणि दहा मिलिसेकंद.

मला या रचनेत सगळ्यात मोलाची वाटते ती याच्या पुढची गोष्ट. क्यूए चढतो आणि उतरतो, दोन्ही वेळा कारण एकच असतं, इनपुटची उतरती कड. म्हणून इनपुटची लहर स्वतः कितीही लंगडी असली तरी चालते. आपल्या साखळीत पहिले चार आयसी नेहमीच्या पद्धतीनेच जोडलेले आहेत, त्यामुळे पाचव्याला मिळणारी लहर २० टक्क्यांचीच असते. तरी आउटपुट सम येतं, कारण महत्त्व दोन उतरत्या कडांमधल्या अंतराला आहे, आणि क्रिस्टलमुळे ते दर वेळी सारखंच असतं. पाचही आयसींच्या तारा बदलायची गरज नाही, फक्त शेवटच्याच्या बदलायच्या. शेवटी दोनाचा भाग असेल तर लहर सम होते, दोनाचा भाग आधी येऊन गेला तर त्यानंतर बसलेला पाचाचा भाग ती समता पुन्हा मोडतो.

दहाची अशी फोड करायची युक्ती इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची आहे. जपानी सोरोबानमध्ये, म्हणजे आपल्याकडे मुलं अ‍ॅबॅकसच्या वर्गात वापरतात त्या पाटीत, दर उभ्या काडीवर वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार मणी असतात. वरचा मणी दोनच अवस्था दाखवतो, खालचे चार मणी पाच. १९५४ मध्ये वापरात आलेला आयबीएम ६५० हा संगणक दशमान आकडे याच रीतीने सांभाळायचा. त्याच्या दर्शनी फळीवर प्रत्येक अंकासाठी दोन आणि पाच असे सात दिवे होते आणि अंक बरोबर असेल तर त्या दोन्ही गटांत एकेकच दिवा लागायचा. एका गटात दोन दिवे लागले किंवा एकही लागला नाही, की चूक नजरेला पडायची.

बाय-क्विनरी जोडणीची एक किंमत मोजावी लागते. तिचे आकडे सरळ क्रमाने वाचता येत नाहीत. या आयसीला ७४४७ डिकोडर आणि सात खंडांचा डिस्प्ले लावला तर ०, २, ४, ६, ८ आणि मग १, ३, ५, ७, ९ असे आकडे दिसतात. डिकोडर क्यूबीला २, क्यूसीला ४ आणि क्यूडीला ८ समजतो, म्हणून पाचाचा काउंटर एकेक पाऊल टाकत असताना डिस्प्ले दोनदोनच्या उड्या मारतो. पाच पावलांनंतर क्यूए वर गेला की प्रत्येक आकड्यात एकाची भर पडते. आधी सम, मग विषम असे आकडे दिसले तर आयसी खराब झाला म्हणून फेकू नका. ती जोडणी बरोबर असल्याची खूण आहे.

आकार तपासायला ऑसिलोस्कोप नसला तरी काम अडत नाही. ५० हर्ट्झला साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला लावला, की तो सरासरी दाखवतो. ७४एलएस९०चं आउटपुट वर असताना साधारण ३.४ व्होल्ट आणि खाली असताना ०.२ व्होल्टच्या आसपास असतं. लहर सम असेल तर मीटर १.८ च्या जवळ थांबतो. २० टक्क्यांची असेल तर ०.८ ते ०.९ दाखवतो. हा फरक इतका ठळक आहे, की १२ आणि ११ या पिनांवर आळीपाळीने प्रोब ठेवला तरी कुठली लहर कुठली ते कळतं.

मोजणीच सुरू होत नसेल तर आधी २, ३, ६ आणि ७ या पिना बघाव्यात. पहिल्या दोन मोजणी शून्यावर आणतात, दुसऱ्या दोन नऊवर. या कुटुंबातल्या आयसीची मोकळी सोडलेली पिन वर असल्यासारखी वागते, त्यामुळे जोडीतल्या दोन्ही पिना मोकळ्या राहिल्या की काउंटर तिथेच अडकून बसतो. चारही मोकळ्या असतील तर नऊची जोडी वरचढ ठरते आणि क्यूए व क्यूडी दोन्ही कायम वर दिसतात. प्रत्येक जोडीतली निदान एक पिन ग्राउंडला हवी, चारही जोडल्या तर उत्तम. दुसरी चूक सवयीची. बहुतेक चौदा पिनांच्या लॉजिक आयसींना पाच व्होल्ट १४ वर आणि ग्राउंड ७ वर असतं, ७४९०ला मात्र ५ आणि १० वर. आकडे मध्येच उडी मारत असतील तर सप्लायच्या पिनांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

वेगाची मर्यादाही या जोडणीत बदलते. ७४एलएस९०मधला दोनाचा भाग ३२ मेगाहर्ट्झपर्यंतचं इनपुट घेण्याची हमी देतो, पाचाचा भाग १६ पर्यंतच. नेहमीच्या जोडणीत वेगवान भाग पुढे असतो आणि पाचाच्या भागाला निम्माच वेग सोसावा लागतो. बाय-क्विनरीत पाचाचा भागच पुढे येतो, म्हणून संपूर्ण आयसीची मर्यादा १६ मेगाहर्ट्झवर येते. २० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला लागून पहिलाच आयसी असा जोडला तर मोजणीचा भरवसा राहणार नाही. आपल्या साखळीत तो शेवटी, ५०० हर्ट्झवर बसलेला आहे, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

इन्व्हर्टरच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरला क्यूएची उलट लहर लागते, आणि ७४९० ती देत नाही. त्यासाठी ७४एलएस०४मधलं एक नॉट गेट पुरतं. पण बरोबर ५० टक्के म्हणजे एक ट्रान्झिस्टर बंद होतो त्याच क्षणी दुसरा चालू होतो, आणि पॉवर ट्रान्झिस्टर बंद व्हायला चालू होण्यापेक्षा जास्त वेळ घेतात. दर आवर्तनाला दोनदा, काही मायक्रोसेकंद, दोन्ही एकदम चालू राहतात. काही वॅटच्या इन्व्हर्टरला हे सोसतं. शंभर वॅटच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंच्या चालू होण्यात मुद्दाम थोडी उसंत ठेवावी लागते, आणि ती दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते. ती कमीजास्त झाली तर गाभ्यावरचा एकतर्फी ताण, लहान प्रमाणात का होईना, परत येतो.