निरोपाच्या चौकटी

31 मे हा बीड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये निरोपाचा दिवस. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहून टाकत. त्यामुळे कितीतरी शिक्षक 31 मेला सेवानिवृत्त होतात. 2020 साली हाच दिवस टाळेबंदीच्या चौथ्या टप्प्याचा शेवटचा दिवस होता. हार, शाल-श्रीफळ, पंगत, सगळं बंद. आष्टी, केज, गेवराईचे माजी विद्यार्थी पुण्या-चाकणला अडकलेले. मग प्रत्येकाकडून मोबाईलवर शुभेच्छा मागवायच्या आणि त्या एका पडद्यावर चौकटीत बसवायच्या, ही रीत रुजली.

सुरुवातीचे व्हिडिओ आज पाहिले की पहिला दोष कानाला जाणवतो. सगळ्यांचे आवाज एकत्र सोडले की नुसता गलका उरतो. पुढे आम्ही शिकलो, की चेहरे सगळे दिसू द्यावेत, आवाज मात्र एका वेळी एकाचाच ठेवावा. बोलणाऱ्याच्या चौकटीला रंगीत कड द्यावी आणि बाकीच्यांचा आवाज शून्यावर न्यावा. प्रत्येकी वीस सेकंद धरले तर बारा जणांचं बोलणं चार मिनिटांत होतं.

दुसरा दोष मांडणीचा. गावाकडून येणाऱ्या बहुतेक क्लिप उभ्या असतात. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर बारा क्लिप चार स्तंभ, तीन ओळींत मांडल्या तर एक चौकट 480 बाय 360 ची होते. उभी क्लिप त्यात जेमतेम 202 रुंद बसते आणि निम्म्याहून जास्त चौकट काळी राहते. त्याच बारा क्लिप सहा स्तंभ, दोन ओळींत मांडा. चौकट 320 बाय 540 ची होते, क्लिप वर-खाली किंचित कापली की पूर्ण भरते आणि चेहरा दीडपट मोठा दिसतो. म्हणून क्लिप आडव्या की उभ्या हे आधी मोजावं, मांडणी मग ठरवावी.

तिसरी अडचण शेवटच्या सामूहिक ‘नमस्कार गुरुजी’ची. प्रत्येकाने सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे आवाजाच्या आलेखात उंच टोक दिसतं. ती टोकं एका रेषेत आणली की सगळे एकदम बोलतात. तरीही कुणाचे ओठ हळूहळू मागे पडत असतील, तर कारण बहुधा अंधार असतो. कमी उजेडात फोन दर सेकंदाच्या चित्रांची संख्या आपोआप घटवतो. अशा क्लिप आधी एकसारख्या 25 चित्रांवर आणाव्या लागतात.

क्लिप पाठवण्याची पद्धतही बदलली. त्या काळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबली जाऊन चेहरा धूसर व्हायचा. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. 2020 मध्ये त्यासाठी 100 एमबीची मर्यादा होती, 2022 मध्ये ती 2 जीबी झाली.

आता मांडव पुन्हा पडतात, हारही येतात. तरी जो विद्यार्थी कामावरून सुट्टी मिळवू शकत नाही, त्याला गुरुजींसमोर उभं राहायला ही चौकट अजून लागते. म्हणून ती नीट भरलेली आणि ऐकू येणारी असावी.