नऊ सेंटिमीटरचा चौकोन

साताऱ्याजवळच्या एखाद्या ग्रामपंचायतीतल्या ग्रामसेवकाची सही आइंडहोवेनच्या नगरपालिकेतल्या कारकुनाने खरी का मानावी? त्याने ती कधी पाहिलेली नाही, शिक्क्यावरची अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. तरीही तो कागद स्वीकारतो, कारण कागदावर एक चौकोन असतो. त्याचे नाव अपोस्टिल.

५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात या चौकोनाचा नमुनाच ठरवून दिला आहे. बाजू किमान नऊ सेंटिमीटर, मथळा फ्रेंच भाषेतच, खाली दहा क्रमांकित नोंदी: देश कोणता, सही कोणाची, कोणत्या अधिकाराने, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, ठिकाण, तारीख, क्रमांक वगैरे. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. मला सर्वात विलक्षण वाटते ते हे की, जन्मदाखल्यावरच्या या दहा नोंदींत जन्माविषयी एक अक्षरही नसते. मूल त्या तारखेला जन्मले की नाही, हे अपोस्टिल सांगत नाही. सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का अस्सल आहे, एवढेच ते सांगते.

दिल्लीतले परराष्ट्र मंत्रालय तरी ग्रामसेवकाला कुठून ओळखणार? ते ओळखते राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही. जन्म, विवाह अशा खासगी कागदांवर आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे प्रमाणीकरण लागते ते त्यासाठीच. एकाने दुसऱ्याची सही ओळखायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. करारापूर्वी ही साखळी परदेशी दूतावासापर्यंत न्यावी लागे. आता ती चौकोनापाशी थांबते, कारण चौकोनावरच्या सहीला पुन्हा कोणाचे प्रमाणपत्र मागायचे नाही, असे करारातच लिहिले आहे. याला अपवाद आहेत. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली, त्यामुळे त्या दोन देशांदरम्यान अपोस्टिल चालत नाही.

आता आइंडहोवेनला नोकरीसाठी गेलेली, १९८६ साली खेड्यात जन्मलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरच्या ट्रंकेत तिचा हाताने लिहिलेला मराठी दाखला आहे. त्यात आईवडिलांची नावे आहेत, लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ आहे आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे होते. या कागदाला अपोस्टिल मिळाले तरी तो तिचा आहे हे सिद्ध होत नाही. म्हणून पहिले काम निबंधकाकडचे: नोंदीत नाव घालून घ्यायचे. नियमात त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत आहे, मुदतवाढही वेळोवेळी दिली गेली आहे. ती सध्या चालू आहे का, हे विचारायचे. मग मराठी-इंग्रजी नमुन्यातला नवा दाखला मागायचा. नेदरलँड्समध्ये इंग्रजी कागद चालतो, त्यामुळे इथे भाषांतराचा प्रश्नच मिटतो. जुना कागद पुढे रेटण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

भाषांतर टळतच नसेल, तर क्रम महत्त्वाचा. आधी मूळ कागदाला अपोस्टिल, मग भाषांतर, म्हणजे चौकोनातला आणि शिक्क्यांतला मजकूरही भाषांतरात येतो. मूळ कागदाचे अपोस्टिल भाषांतराला लागू होत नाही. तो वेगळा कागद आणि त्यावर वेगळी सही. नेदरलँड्समध्ये शपथबद्ध भाषांतरकारांची सरकारी नोंदवही आहे. तिथल्या भाषांतरकाराने केलेले काम थेट चालते. भारतात नोटरीसमोर करून घेतले, तर त्या कागदालाही स्वतःचे प्रमाणीकरण लागते, आणि नोटरीची सही भाषांतर अचूक असल्याची खात्री देतच नाही. त्याच्यासमोर कोणीतरी तसे शपथेवर सांगितले, इतकाच तिचा अर्थ.

चांगला भाषांतरकार ओळखू येतो तो त्याच्या संयमामुळे. देवनागरी ‘१’ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, म्हणून तो प्रत्येक आकडा पुन्हा ताडून पाहतो. शके १९०८ लिहिले असेल तर तसेच ठेवतो आणि इसवी सन टिपेत देतो. शक वर्ष चैत्रात बदलत असल्याने नुसते ७८ मिळवून भागत नाही, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शिक्का पुसट असेल तर ‘गोल शिक्का, अस्पष्ट’ असे लिहितो, अंदाजाने भरत नाही. खरी कसोटी आईच्या नावाशी लागते. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे माहेरच्या कागदावर ती द्वारका असते आणि मुलीच्या दाखल्यावर लक्ष्मी. भाषांतरकाराने ही नावे जुळवून दिली, तर मूळ कागदाशी ताडणारा अधिकारी अख्खे भाषांतर बाद करू शकतो. दोन्ही जशीच्या तशी राहू द्यायची, आणि द्वारका व लक्ष्मी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत जोडायचे. त्या जोडकागदालाही स्वतःचा चौकोन लागतो.