नकार द्या, पण प्रश्न लिहून

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्या खरेदी विभागाचं उदाहरण घेऊ. तिथल्या बाईंना दर मंगळवारी सकाळी ११ वाजता नव्या पार्टच्या आढावा मीटिंगचं निमंत्रण येतं. तासभर ड्रॉइंगमधल्या दुरुस्त्या आणि ट्रायलचे निकाल यांवर बोलणं चालतं. बाईंना त्यातलं दोनच गोष्टींशी देणंघेणं असतं: स्टीलचा ग्रेड बदलला का, आणि माल लागण्याची तारीख पुढंमागं झाली का.

अशा वेळी नकार देण्याआधी मीटिंग बोलावणाऱ्याला एकच विचारावं, "माझ्याकडून तिथं काय हवंय?" उत्तर "तुमच्या कानावर असावं म्हणून" असं आलं, तर लेखी अपडेटवर काम भागतं. "तुमचा होकार लागेल" असं आलं, तर जायलाच हवं. आपलं नाव आपल्याच साहेबांनी घालायला सांगितलं असेल, तर आधी त्यांच्याशी बोलावं. त्यांना डावलून दिलेला नकार महागात पडतो.

मग निरोप असा लिहिता येतो:

"सर, मंगळवारच्या आढाव्यात खरेदीचा विषय थोडाच असतो, म्हणून मी येत नाही. मीटिंगनंतर त्याच दिवशी ५ वाजेपर्यंत एवढं कळवाल का: ग्रेड बदलला का? संख्या किंवा तारीख बदलली का? बदल नसेल तर 'बदल नाही' एवढंच लिहा. खरेदीचा निर्णय असेल तेव्हा आधी सांगा, मी नक्की येईन."

यातलं 'बदल नाही' फार मोलाचं आहे. मेल आलाच नाही, तर काही घडलं नाही की लिहायचं राहून गेलं, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय नुसतं 'अपडेट पाठवा' म्हटलं की पानभर मिनिट्स येतात आणि ग्रेडची ओळ त्यात हरवते. ठरलेले प्रश्न असले की लिहिणाऱ्याचंही काम दोन मिनिटांत उरकतं.

हा निरोप निमंत्रणाच्या उत्तरातच जावा. आउटलुकमध्ये Decline केल्यावर Do Not Send a Response निवडलं, तर समोरच्याला नकाराचा मेल जातच नाही आणि तो आपली वाट बघत बसतो. दर आठवड्याच्या मीटिंगला नकार देताना तो एका दिवसापुरता आहे की सगळ्या मालिकेला, हेही नीट बघावं.

ही व्यवस्था बिघडल्याची खूण लवकर दिसते. ग्रेड बदलल्याचं बाईंना मेलऐवजी पुरवठादाराच्या फोनवरून कळलं, तर लेखी अपडेट नावापुरतंच उरलंय असं समजावं. तोवर जुन्या ग्रेडची ऑर्डर गेलेली असू शकते. अशा वेळी मेलवर तक्रार करत बसण्यापेक्षा पुन्हा मीटिंगला जावं आणि खरेदीचा विषय पहिल्या दहा मिनिटांत घ्यायला सांगावं, म्हणजे तेवढं झालं की उठता येतं.