पहिला आप्पासाहेब कोण?

‘नटसम्राट’मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांच्या भूमिकेशी डॉ. श्रीराम लागू, दत्ता भट आणि मोहन जोशी ही तिन्ही नावं जोडलेली आहेत. मग मूळ संचातलं कोण?

शोध छापील संहितेपासून सुरू करावा. मराठी नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच पहिल्या प्रयोगाची तारीख, संस्था आणि पात्रपरिचय बहुधा दिलेला असतो. हे नाटक दि गोवा हिंदू असोसिएशनने डिसेंबर 1970मध्ये रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पासाहेब डॉ. लागू आणि कावेरी शांता जोग. मोहन जोशींचे प्रयोग 2018मधले, नव्या निर्मितीतले. त्यात कावेरी झाल्या रोहिणी हट्टंगडी. तेव्हा ते पुनरुज्जीवन, यात शंका नाही.

खरी अडचण दत्ता भटांची आहे. पुस्तकातली नावं पहिल्या प्रयोगाची असतात आणि पुढच्या आवृत्त्यांतही बहुधा तशीच राहतात. त्यामुळे नंतर भूमिका घेतलेला नट तिथे सापडत नाही आणि लोक त्याला सरसकट पुनरुज्जीवनात ढकलतात. भटांनी ही भूमिका डॉ. लागूंनंतर केली, पण गोवा हिंदूच्याच निर्मितीत. ते पहिले नव्हेत आणि पुनरुज्जीवनातलेही नव्हेत. माझ्या मते अशा नटाची नोंद ‘मूळ निर्मिती, बदली नट’ अशी वेगळीच व्हायला हवी.

हा फरक वर्तमानपत्रांतल्या जुन्या नाट्यजाहिरातींतून कळतो. संस्था आणि दिग्दर्शक तेच असून नटाचं नाव बदललं, तर ती बदली. दोन्ही बदलले, तर निर्मिती नवी.