"मूल चावलं, आता त्याच्या आईला काय सांगाल?"

नाशिकमध्ये बालवाडी किंवा पहिलीच्या शिक्षिकेच्या मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी आजचा भाग. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.

"तुमच्यात पेशन्स आहे का?" याला सगळेच "हो" म्हणतात. म्हणून अनुभवी मुख्याध्यापिका प्रसंग देते. समजा, साडेतीन वर्षांच्या मुलाने ठोकळ्यांवरून दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. तुम्ही काय कराल?

इथे बरेच जण "प्रेमाने समजावेन" म्हणतात आणि थांबतात. त्यापेक्षा क्रम सांगा. आधी दोघांना वेगळं करायचं आणि ज्याला लागलंय त्याला जवळ घ्यायचं. साबण-पाण्याने जागा धुवायची, गार फडकं ठेवायचं. कातडी फाटली असेल तर लगेच पालकांना फोन आणि डॉक्टर. मग चावणाऱ्यासमोर खाली बसून, आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "चावायचं नाही. त्याला दुखलं." या वयात राग येतो पण शब्द सुचत नाहीत, त्यामुळे लांबलचक भाषण वाया जातं. जबरदस्तीचं "सॉरी"सुद्धा.

पुढचा प्रश्न येतो, "हे रोज झालं तर?" इथे वहीचं नाव काढा. कधी, कुठे, त्याआधी काय झालं, हे आठवडाभर लिहायचं. समजा चारपैकी तीन चावे डब्याच्या थोडं आधी, ठोकळ्यांच्या कोपऱ्यात झाले. म्हणजे भूक आणि गर्दी. डबा पंधरा मिनिटं अलीकडे आणा, ठोकळे दोन जागी मांडा, आणि "मला दे" म्हणायला शिकवा. पेशन्स म्हणजे सहन करणं नव्हे, हे समितीला इथे दिसतं. काही आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मूल बोलतही कमी असेल, तर पालकांशी बोलून बालरोगतज्ज्ञांकडे जायला सुचवायचं.

आता पालक. सातपूर-अंबडला शिफ्टला जाणाऱ्या घरांत मुलाला न्यायला बरेचदा आजी येते. दंडावरचा वळ आईला रात्री दिसला, तर विश्वास गेलाच. म्हणून शाळा सुटायच्या आधी आईला फोन.

"ताई, आज ठोकळे खेळताना एका मुलाने त्याच्या दंडाला चावलं. कातडी फाटली नाही, धुऊन गार फडकं ठेवलंय. आता डबा खातोय."
"कोणी चावलं, मॅडम?"
"नाव मी सांगणार नाही, ताई. तुमच्या मुलाचंही कुणाला सांगणार नाही. उद्यापासून डब्याआधी मी त्या कोपऱ्यातच बसणार आहे. शुक्रवारी तुम्हाला परत फोन करते."

चावणाऱ्याच्या आईलाही फोन करायचा, पण "तुमचा मुलगा मारकुटा आहे" असं नाही. "हे झालं, मी हे करतेय, घरी असं कधी होतं?" असं विचारायचं.

आणि मुलाखतीत "दोन फटके दिले तर चालतील का?" असं कुणी सहज विचारलं, तर "नाही" एवढंच म्हणा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे.